मेल्यावर सांगणारी म्हातारी

काकूंनी जन्मभर जे लिहिलं ते लोकांनी वाचलं नाही. वाचलं तरी शिव्या देत वाचलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसोबत घडी घालून येतो तो कागद, धुलाई यंत्राची माहितीपुस्तिका, प्रेशर कुकरच्या झाकणावरची सूचना, असलं सगळं त्यांनी इंग्रजीतून मराठीत आणलेलं. कॉलेजात त्यांचा विषय साहित्य होता आणि स्वप्नं त्या विषयाला साजेशी होती. पुढे संसार, सासू, नवऱ्याचं किल्ल्यांचं दुकान आणि 'हे उपकरण ओल्या हातांनी हाताळू नये' या वाक्यात ती स्वप्नं जिरली. त्यात रडण्यासारखं काही नाही. बहुतेकांची तशीच जिरतात, आणि कुकर तरी फुटत नाहीत.

मग पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना एका व्हिडिओ गेमच्या कंपनीत काम मिळालं. खेळ इंग्रजीत बनायचा. काकूंनी तो मराठीत आणायचा, पडद्यावर खाली उमटणाऱ्या ओळीही आणि पात्रांच्या तोंडची वाक्यंही. नंतर स्वतः खेळून बघायचं, की काना-मात्रा जागेवर आहेत ना, जोडाक्षरं फुटत नाहीत ना, ओळ चौकटीबाहेर जात नाही ना. ऑफिसातली सगळी माणसं त्यांच्या मुलांच्या वयाची. कोणी त्यांचं नाव विचारलंच नाही. पहिल्या दिवसापासून त्या काकू.

खेळ डोंगरातला होता. खेळणाऱ्याने पाठीवर औषधांची पेटी घेऊन दऱ्या ओलांडत पलीकडच्या गावी पोचायचं. सोबतीला एक वाटाडी म्हातारी. ती मागे राहते आणि कानात बोलत राहते. बरीचशी बडबड, मधूनमधून इशारा. "डावीकडे धर." "दगड सुटलाय, थांब." जुनी माणसं बोलतात तसंच, दहा वाक्यांतलं एक कामाचं.

काकूंचा जीव जडला तो या म्हातारीच्या एका वाक्यावर. दरीवरच्या दोरांच्या पुलावर पाऊल टाकताच ती इंग्रजीत एवढंच म्हणायची की हा पूल माझ्या पणजोबांनी बांधला. बस्स. काकूंच्या समोरच्या तक्त्यात त्या वाक्याशेजारी टीप होती, 'म्हातारी चालता चालता बोलते'. आणखी काही नाही. या तक्त्यांत पुढचं-मागचं काही दिसत नाही, नुसती वाक्यं एकाखाली एक, वाण्याच्या यादीसारखी. काकूंनी विचार केला, चालतेच आहे ना, मग बोलू दे की बापडीला. आणि त्यांनी लिहिलं:

"हा पूल माझ्या पणजोबांनी बांधला, बाळा. एकेक दोर आपल्या हातांनी वळला, आणि दोर वळताना दर वेळी पलीकडच्या एकेका माणसाचं नाव घेतलं. म्हणून इथे तू जे पाऊल टाकशील, ते कुणाच्या तरी नावावर टाकशील."

कुकरच्या झाकणावर बसत नाही असं हे वाक्य. काकूंनी ते स्वतःला तीनदा वाचून दाखवलं.

आवाजासाठी नियम होता. मराठी वाक्य मूळ इंग्रजी वाक्याएवढ्याच वेळात संपलं पाहिजे, थोडं इकडेतिकडे चालेल. काकूंनी या एका वाक्यासाठी सूट मागितली. वरचा साहेब कायम आलेखांत बुडालेला, म्हणून ऑफिसात त्याला सगळे आकडेसाहेब म्हणत. त्याने वाक्य वाचलं, "वा काकू, काटा आला," म्हणाला आणि सूट दिली. त्याच्या अंगावर काटा फार स्वस्तात यायचा, हे काकूंना तेव्हा लक्षात घ्यावंसं वाटलं नाही. मग नाटकात उमेदवारी केलेल्या एका आवाजवाल्या बाईंनी ते वाक्य म्हटलं. पणजोबा अत्यवस्थ असल्यासारखं म्हटलं. 'दोर' आणि 'वळला' यांच्या मध्ये एवढा श्वास घेतला की तेवढ्यात खरा दोर वळून झाला असता. काचेपलीकडे बसलेल्या काकूंनी डोळे पुसले.

खेळ बाजारात गेला, मराठीसकट. आणि थोड्याच दिवसांत आकडेसाहेबाने सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं.

भिंतीवर आलेख होता. सगळ्या भाषांच्या रेघा शहाण्या मुलांसारख्या एका उंचीवर, आणि एक रेघ पुलापाशी आभाळात गेलेली.

"ही मराठी," आकडेसाहेब म्हणाला. "मराठी निवडणारे खेळाडू पुलावर पडतात. पुन्हा पडतात. मग भाषा बदलतात, नाहीतर खेळ बंद करून टाकतात. बाकी कुठल्याच भाषेत असं नाही."

"म्हणजे भाषांतरात चूक आहे?" काकूंनी विचारलं.

"नाही नाही काकू, भाषांतर तर फर्स्टक्लास! तपासणीत एकही चूक नाही, तुम्हीच सही केलीय. माझा निष्कर्ष वेगळा आहे." त्याने आवाज मृदू केला. माणसं अपमान करण्याआधी करतात तसा. "मराठी कोण निवडतं? ज्याला इंग्रजीची सवय नाही तो. म्हणजे तो नवशिक्या असणार. त्याचा हात बसलेला नसणार. तर आपण असं करू, मराठी निवडली की खेळ आपोआप सोपा. त्यांना सांगायचंसुद्धा नाही, उगीच वाईट वाटायचं."

"म्हणजे मराठी बोलणारा तो मंद?"

"तसं नाही हो. मी कुठे म्हणतोय? डेटा बोलतोय."

"कुठल्या भाषेत बोलतोय?"

कोणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. आकडेसाहेब हसला नाही. तो स्वतः घरात, फोनवर, भांडणात मराठीच बोलायचा, पण खेळायचा मात्र इंग्रजीत, कारण त्याचा हात बसलेला होता. "हे जमलं नाही," तो म्हणाला, "तर पुढच्या भागात मराठी काढून टाकायची. एवढा खर्च करून माणसं पुलावरून ढकलायची कशाला?"

काकू तणतणत घरी आल्या. राग आकडेसाहेबाचा, पण मनात एक किडा शिरला होता. खरंच असेल तर? कारण घरी पुरावा बसलेला होता, लुंगी नेसून.

त्यांचा नवरा, म्हणजे काका, किल्ल्या करायचा. इंग्रजी त्याला कुलपांवरच्या कंपन्यांच्या नावांपुरती यायची. काकूंना ऑफिसातून खेळाचं यंत्र मिळालं तेव्हापासून दुकान बंद करून आला की तो औषधांची पेटी पाठीवर घेऊन डोंगरात जायचा. आणि पुलावर मरायचा. रोज. काकूंना त्याचं काही वाटत नसे. स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा माणूस खेळात काय दिवे लावणार, असं त्यांचं जुनं मत.

आज मात्र त्या बाजूला बसल्या. "दाखवा बघू, कसे पडता ते."

"पडून दाखवायला काय, सर्कस आहे का?" काका म्हणाला, पण पुलावर गेला. म्हातारीने पणजोबा सुरू केले. काका सावकाश चालू लागला. दोर वळले जात होते, माणसांची नावं घेतली जात होती, आणि एकाएकी काड्कन फळी मोडली. काका दरीत. वर काळा पडदा, आणि त्या काळोखातून म्हातारी कळवळून ओरडली, "फळी मोडतेय, उडी मार!"

"बघ," काका म्हणाला. "तुझी म्हातारी मेल्यावर सांगते."

"काहीतरीच. तुमचंच लक्ष नसेल."

"अगं, लक्ष देऊनच मेलो! तिचं ऐकत बसलो म्हणून मेलो. इंग्रजी म्हातारी बरी, मला काय म्हणते ते कळत नाही, पण ती ओरडली की मी उडी मारतो. झालं." आणि त्याने खरोखरच भाषा बदलली. इंग्रजी म्हातारी दोन शब्द पुटपुटून गप्प बसली, थोड्या वेळाने किंचाळली, काकाने उडी मारली, मागे फळी मोडली, आणि तो पलीकडे उभा राहून काकूंकडे वळला. मिशीला पीळ द्यायचा राहिला, कारण मिशी नव्हती.

काकूंनी यंत्र हातात घेतलं आणि मराठीत स्वतः चालून पाहिलं. मेल्या. पुन्हा मेल्या. पणजोबा प्रत्येक वेळी जिवंत राहिले.

आता कोणीही विचारेल, की बाई, तू हा खेळ ऑफिसात डझनभर वेळा तपासलास, तेव्हा कशी नाही मेलीस? त्याचं उत्तर असं, की तपासणाऱ्यांना मरायची परवानगी नसते. दर चार पावलांवर मरून पहिल्यापासून सुरुवात केली तर ओळी कधी तपासून व्हायच्या? म्हणून तपासणाऱ्यांसाठी एक गुप्त बटण असतं. ते दाबलं की बाण लागत नाही, आग भाजत नाही, दरी गिळत नाही. ऑफिसात त्याला अमरपट्टा म्हणत. अमरपट्टा बांधून काकू त्या पुलावरून कैक वेळा गेल्या होत्या. खालच्या फळ्या मोडून पडत होत्या, काकू हवेतून चालत होत्या आणि अनुस्वार तपासत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रोग्रामरबाईला गाठलं. ही तिशीची, कमी बोलणारी, आणि बोलली की समोरच्याला आपण उगीच विचारलं असं वाटायला लावणारी.

"म्हातारी इशारा उशिरा का देते?"

"रांगेत असते म्हणून."

"कोण रांगेत?"

"वाक्यं. एकाच पात्राची दोन वाक्यं एकदम वाजायला नकोत, म्हणून पहिलं संपल्याशिवाय दुसरं सुटत नाही. इशारा पुलाच्या मध्यावर सुटतो. तोवर पणजोबा संपलेले असतात." तिने पडद्यावर दोन पट्ट्या दाखवल्या. इंग्रजीची आखूड, मराठीची लांबच लांब. "तुमचे संपत नाहीत."

"आणि फळी?"

"फळीला रांग नाही. ती पावलावर मोडते. फळीला कुठे भाषा येते?"

"मग इशाऱ्याला पुढे घुसू दे ना! जीव चाललाय माणसाचा."

"येईल की घुसवता. पण ती रांग सगळ्या भाषांना एकच आहे. हात लावला की सगळ्या भाषा पुन्हा तपासायच्या. साहेब या भागाच्या कोडला आता हात लावू देणार नाहीत. आवाजाची फाइल बदलून दिलीत तर आज घालते." तिने चहाचा घोट घेतला. "बाकीच्या भाषांनी नियम पाळला होता, काकू."

काकूंना हे वाक्य दरीपेक्षा खोल लागलं. सूट त्यांनीच मागितली होती.

त्या सरळ आकडेसाहेबाकडे जायला निघाल्या आणि दारापाशी तोच भेटला, हसऱ्या चेहऱ्याने. "काकू, तुमच्यासाठी खास बातमी! सोप्या पातळीवर फळ्या मोडतच नाहीत. म्हणजे तुमचं ते पणजोबांचं वाक्य आता प्रत्येक मराठी खेळाडूला शांतपणे, पूर्ण ऐकू येणार. नुसतं चालायचं आणि ऐकायचं. मी तर म्हणतो, जाहिरातीत तेच वाक्य वापरू."

काकू वाक्यांच्या रांगेचं सांगायला आल्या होत्या.

माणसाची परीक्षा अशीच होते, समोरून हसत. काकूंनी एकही शब्द काढला नाही तरी मराठी राहणार होती. वाक्य राहणार होतं, जाहिरातीत जाणार होतं. फक्त खेळणाऱ्यांना न सांगता त्यांच्या पायाखालची फळी घट्ट होणार होती. त्यात कुणाचं काय जात होतं? उद्या कळवते, असं म्हणून त्या जागेवर जाऊन बसल्या आणि दिवसभर एकही ओळ पुढे सरकली नाही.

संध्याकाळी त्यांनी काकाच्या यंत्रात गुपचूप सोपी पातळी लावली, भाषा मराठी केली, आणि स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या राहिल्या. काका पुलावर गेला. पणजोबा सुरू झाले, एकेक दोर वळला गेला, माणसांची नावं घेतली गेली, शेवटच्या शब्दापर्यंत. कुणीतरी बाहेरचा माणूस त्यांचं वाक्य पहिल्यांदा अख्खं ऐकत होता, आणि तो त्यांचा नवरा होता. काका पलीकडे पोचला.

"छान बोलते गं म्हातारी," तो म्हणाला. काकूंचा जीव सुपाएवढा झाला. "हे पुढचं कधी ऐकायलाच मिळालं नव्हतं. कुणी लिहिलं?"

"मी."

"खरंच?" त्याने वळून नीट पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं पाहिलेलं काकूंना आठवत नव्हतं. मग तो पुन्हा पडद्याकडे वळला, मागे गेला, पुलावर थांबला, उड्या मारल्या, नाचला. "फळ्या का मोडत नाहीयेत?"

"सोपा केलाय. मराठीत खेळणाऱ्यांसाठी सोपाच ठेवणार आहेत म्हणे."

"का?"

काकू पुसलेले हात पुन्हा पुसू लागल्या.

"घरात पाच वर्षांच्या पोराशी कॅरम खेळताना आपण मुद्दाम हरतो, तसं?" काकाने यंत्र खाली ठेवलं. "मी दिवसभर लोकांची कुलपं उघडतो. कोणी मला आधीच उघडं कुलूप आणून देत नाही, की बाबा, तुला बरं वाटावं म्हणून. काढून टाक ते. मला मरू दे, पण नीट मरू दे."

आणि तो चष्मा शोधायला उठला. तो कपाळावर होता. काकूंनी या वेळी सांगितलं.

सकाळी बैठकीच्या खोलीत काकूंनी भिंतीवर आलेख लावू दिलाच नाही. खेळच लावला आणि यंत्र आकडेसाहेबाच्या हातात दिलं. "मराठीत खेळा. नेहमीच्या पातळीवर. अमरपट्टा काढलाय."

"मी? अहो, मी हा खेळ झोपेत खेळतो."

"मग जागेपणी खेळा."

त्याचा हात बसलेला होता यात शंका नाही. तरीही पुलाच्या मध्यावर तो पणजोबांसकट बुडाला. दुसऱ्यांदा तो सावध चालला आणि सावधपणे बुडाला. तिसऱ्या वेळी तो "एक मिनिट, एक मिनिट" म्हणत बुडाला. वरून म्हातारी ओरडतच होती, उडी मार.

"काय हो साहेब," प्रोग्रामरबाई पहिल्यांदाच आपणहून बोलली, "सोपा करून देऊ का?"

हसू ओसरल्यावर काकू उभ्या राहिल्या. इथवर मजा होती. इथून पुढचं त्यांना एकटीलाच करायचं होतं. "चूक खेळणाऱ्यांची नाही. चूक माझी आहे. वाक्य लांब मी केलं, सूट मी मागितली, आणि अमरपट्टा बांधून मीच पास केलं. वाक्य कापायला हवं. सोपी पातळी काढा."

"पण काकू, ते वाक्य..." आकडेसाहेबाला खरंच वाईट वाटत होतं. त्याचा काटा अजून उभा होता.

"सूट तुम्ही दिलीत," काकू म्हणाल्या. "तेही लिहून ठेवा हवं तर. पण कापा."

आवाजवाल्या बाईंना पुन्हा बोलावलं. त्या शाल पांघरून, गळ्यासाठी कोमट पाणी घेऊन आल्या आणि समोरचा कागद उलटा करून पाहिला, मागे आणखी काही आहे का म्हणून. "एवढंच? 'पणजोबांनी बांधला हा पूल. जपून'?"

"एवढंच."

"यात मी श्वास कुठे घेऊ?"

"आधी घेऊन या," काकू म्हणाल्या.

बाई दुखावल्या, पण व्यवसायाच्या पक्क्या होत्या. एका दमात वाक्य म्हटलं आणि तोंड वळवून पाणी प्यायल्या. काचेपलीकडे काकूंनी घड्याळाकडे पाहिलं, डोळे पुसायची वेळ आली नाही. वाक्य बरं नव्हतं, वाईटही नव्हतं. धुलाई यंत्रावर शोभलं असतं. पण वेळेत होतं. प्रोग्रामरबाईने फाइल घातली, दोन पट्ट्या सारख्या झाल्या, आणि काकूंनी अमरपट्टा न बांधता तो पूल चालून पाहिला. म्हातारी वेळेवर ओरडली. काकूंनी उडी मारली. सहीसुद्धा त्यानंतरच केली.

काही दिवसांनी मराठीची रेघ खाली येऊन बाकीच्यांत मिसळली. आकडेसाहेबाने सगळ्यांना पत्र पाठवलं, की मराठी खेळाडूंच्या कौशल्यात लक्षणीय वाढ झाली असून पुढच्या भागात मराठी ठेवण्यात येत आहे. कौशल्य कुणाचं वाढलं हे त्यात नव्हतं. पणजोबा नव्हते, काकू नव्हत्या. काकूंनी पत्रातले दोन अनुस्वार मनातल्या मनात दुरुस्त केले आणि पुढच्या भागाचा तक्ता उघडला. पहिल्याच वाक्यापाशी त्या उठून प्रोग्रामरबाईकडे गेल्या. "म्हातारी हे बोलते तेव्हा खेळणाऱ्याच्या पायाखाली काय असतं? आधी सांग, मग लिहिते."

त्या संध्याकाळी काका मराठीत पूल ओलांडून पलीकडे गेला. फळ्या मोडत असताना पहिल्यांदाच. मूठ आवळली, म्हातारीला सलाम केला, पेटी सावरली आणि दिमाखात पुढच्या कड्यावर चढला. म्हातारी म्हणाली, "दगड सुटलाय, थांब." काका थांबला नाही. दगडासकट खाली गेला.

काकू हसू दाबत बघत होत्या. "आता? आता तर वेळेवर सांगितलं होतं ना तिने?"

"हो," काका म्हणाला. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "या वेळी मी माझ्या चुकीने मेलो." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला बटण दाबलं. मग हळूच म्हणाला, "ते दोरांचं सांग ना एकदा. नावं घेत वळले, ते. आता खेळात नाही ना."

काकूंनी स्वयंपाकघरातून सांगितलं, अख्खं, वाटेल तेवढे श्वास घेत. काका थांबून ऐकत होता, पडद्यावरचा माणूस पुलाच्या अलीकडे उभा करून.